फास्टिंग १२८ आली, मग पुन्हा रक्त कशाला द्यायचं?

आखाजीच्या आधीच्या आठवड्यात गावात तपासणी शिबिर होतं. समजा, एरंडोल तालुक्यातले एक अण्णा तिथे अनशापोटी रक्त देऊन येतात. वय ४८, कापूस-मक्याची शेती, पोट थोडं सुटलेलं, आईला मधुमेह. दोन दिवसांनी रिपोर्ट हातात येतो : फास्टिंग १२८. खाली छापलेलं असतं की १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. अण्णा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जातात, तर डॉक्टर गोळी लिहून देत नाहीत. आठ-दहा दिवसांनी पुन्हा अनशापोटी रक्त द्यायला सांगतात. अण्णांचं म्हणणं असतं, "माले काही तरास नही." घरच्यांना मात्र शंका येते, की रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं असताना डॉक्टर निर्णय का घेत नाहीत, आणि परत पैसे का घालवायला लावतात?

शंका रास्त आहे. तिचं उत्तर एका वाक्यात द्यायचं तर असं : १२८ हा त्या दिवशीच्या, त्या मिनिटाच्या रक्ताचा आकडा आहे आणि मधुमेह हे निदान वर्षानुवर्षांचं आहे. आकडा सीमेच्या अगदी जवळ असेल, तर त्या एका मिनिटावर आयुष्यभराचा शिक्का मारता येत नाही. हे नुसतं वाक्य वाचून पटणार नाही, म्हणून रक्तात साखर असते किती, इथून सुरुवात करू.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, तर हिशेबाने त्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम साखर होते. म्हणजे चहात घालतो तो एक चमचा. रात्रभर आपण काही खात नाही, तरी मेंदूला आणि रक्तपेशींना साखर लागतेच. ती यकृत पुरवतं. सत्तर किलोच्या माणसाचं यकृत उपाशी असताना तासाला साधारण आठ ग्रॅम साखर रक्तात सोडतं, आणि शरीर तेवढीच वापरतं. एका बाजूने आठ ग्रॅम येतात, दुसऱ्या बाजूने आठ ग्रॅम जातात आणि मधे जेमतेम एक चमचा शिल्लक असते. अनशापोटीचा आकडा म्हणजे ही शिल्लक. आता १२८ आणि १२१ यांतला फरक या हिशेबाने काढून बघा. सात मिलिग्रॅम गुणिले पन्नास डेसिलिटर, म्हणजे साडेतीनशे मिलिग्रॅम. एक चिमूटभर साखर. यकृताने पहाटे एवढीशी जास्त सोडली, की आकडा १२१ चा १२८ होतो.

यकृत किती साखर सोडेल हे बऱ्याच गोष्टींवर ठरतं. पहाटे तीन-चारनंतर कॉर्टिसोल आणि वाढीचं संप्रेरक वर चढतात आणि यकृताला साखर सोडायला लावतात. रात्री झोप झाली नाही, कांद्याला पाणी द्यायला रात्रीच्या लाइटची वाट बघत जागरण झालं, दाढ ठणकत होती, अंगात कणकण होती, तर ही संप्रेरकं आणखी चढतात. आदल्या रात्री हळदीचं जेवण साडेअकराला झालं, तरी सकाळची शिल्लक थोडी वर राहू शकते. पण यातलं काहीही झालं नाही, सगळं अगदी नेहमीसारखं होतं, तरीही आकडा रोज तोच येत नाही. एकाच माणसाची अनशापोटीची साखर रोज नीट मोजली, तर ती स्वतःच्या सरासरीभोवती साधारण पाच-सहा टक्क्यांनी वर-खाली होत राहते. त्यात लॅबच्या मशीनचा स्वतःचा दोन-तीन टक्क्यांचा फरक असतो. हा दोष नव्हे. चांगल्या लॅबमध्येही तेवढा फरक धरावाच लागतो.

याचा परिणाम आकड्यांत बघितला, की दुसऱ्या तपासणीचं कारण आपोआप समजतं. सोयीसाठी एकूण चढउतार सहा टक्के धरू. तीन माणसं घेऊ.

पहिल्याची खरी सरासरी १२० आहे. म्हणजे शंभर सकाळी मोजून सरासरी काढली तर १२० येईल. त्याला मधुमेह नाही, पण साखर वरच्या बाजूला आहे. सहा टक्क्यांच्या चढउताराने त्याचा आकडा बहुतेक दिवस ११३ ते १२७ च्या दरम्यान पडतो. म्हणजे साधारण दर पाच सकाळींत एकदा तो १२६ ची रेघ ओलांडतो. शिबिर नेमकं त्या सकाळी असेल, तर त्याच्या कपाळी मधुमेह. पण दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त घेतलं, तर दोन्ही वेळा रेघ ओलांडण्याची शक्यता पाचातली एक गुणिले पाचातली एक, म्हणजे पंचविसांत एक एवढीच उरते.

तिसऱ्याकडे आधी जाऊ, मधला नंतर. तिसऱ्याची खरी सरासरी १४० आहे. त्याला मधुमेह आहेच. त्याचा आकडा शंभरांत पंचाण्णव वेळा १२६ च्या वर येतो, आणि दोन्ही दिवशी वर येण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे दुसऱ्यांदा रक्त घेतल्याने खऱ्या मधुमेह्यांपैकी फार थोडे सुटतात, आणि मधुमेह नसलेल्यांवर चुकून बसणारे शिक्के मात्र पाचपट कमी होतात.

मधल्या माणसाची खरी सरासरी १३२. त्याला मधुमेह आहे, पण रेघेच्या थोडासाच वर. तो एका दिवशी रेघ ओलांडण्याची शक्यता साधारण पंचाहत्तर ते ऐंशी टक्के आणि दोन्ही दिवशी ओलांडण्याची साठ टक्के. म्हणजे अशा दहा जणांतले चार जण दोनपैकी किमान एका दिवशी १२६ च्या खाली येतील आणि "मधुमेह नाही" असं समजून घरी जातील. दुसऱ्या तपासणीची ही खरी मर्यादा आहे. दुसरा आकडा खाली आला म्हणजे सुटलो, असा अर्थ कधीच घ्यायचा नाही. या मधल्या माणसाकडे शेवटी परत यायचं आहे.

आणखी एक गोष्ट आहे. ती समजली, की दुसऱ्यांदा आकडा बहुतेकदा कमी का येतो हे कळतं. शिबिरात दोनशे लोकांनी रक्त दिलं. त्यातून आपण ज्यांचा आकडा १२६ च्या वर आला त्यांनाच बाजूला काढलं. या बाजूला काढलेल्यांत खरे वर असणारे आहेत, आणि त्या दिवशी योगायोगाने वर आलेलेही आहेत. त्या दिवशी योगायोगाने खाली राहिलेले मात्र या गटात आलेच नाहीत. त्यामुळे हाच गट दुसऱ्या दिवशी मोजला, की एकूण आकडे थोडे उतरतात. कोणी औषध घेतलेलं नसतं, कोणी भात सोडलेला नसतो, तरी उतरतात. मधल्या आठ दिवसांत कोणी कारल्याचा रस किंवा मेथीदाणे सुरू केले असतील, तर सगळं श्रेय त्यांना जातं. गावोगावच्या कितीतरी "उपायांची" ख्याती अशी तयार झालेली असते.

रेघ १२६ वरच का?

आधी ती १४० होती. १९९७ मध्ये अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने ती १२६ वर आणली. कारण डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाने होणारे बारीक बदल साधारण या पातळीच्या आसपासपासून जास्त दिसू लागतात, असं वेगवेगळ्या लोकसमूहांच्या तपासण्यांत आढळलं होतं. पण ही चढण आहे, कडा नाही. १२५ वर डोळे सुरक्षित आणि १२७ वर बिघडले असं काही नसतं. रेघ कुठेतरी मारावी लागते, म्हणून ती मारली आहे. १०० ते १२५ या पट्ट्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना तोच पट्टा ११० पासून धरते. म्हणून एकाच आकड्यावर दोन लॅबच्या रिपोर्टमध्ये कधी वेगळे शेरे छापलेले दिसतात.

नियम असा आहे : लक्षणं नसतील, तर निदानासाठी दोन असामान्य निकाल लागतात. ते दोन वेगवेगळ्या दिवसांचे असू शकतात, किंवा एकाच दिवशीच्या रक्तातल्या दोन वेगळ्या तपासण्यांचेही चालतात. अण्णांच्या त्याच रक्तात फास्टिंग १२८ बरोबर, दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारं एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त आलं असतं, तर पुन्हा रक्त द्यायची गरज उरली नसती. दोन साक्षीदार एकाच दिवशी मिळाले असते.

याउलट, ज्याला सारखी तहान लागते, रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं, वजन झरझर उतरतंय, आणि केव्हाही घेतलेल्या रक्तात साखर २०० च्या वर आहे, त्याला दुसऱ्या दिवसाची वाट बघायला लावायचं नाही. तिथे एकच तपासणी पुरते. उलट्या, पोटदुखी, जोरजोराने श्वास अशी लक्षणं असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लहान मुलाच्या बाबतीत तर एक दिवसही थांबायचं नाही. गरोदर बाईसाठी नुसती १२६ ची ही रेघ पुरत नाही. तिची तपासणी आणि आकडे वेगळे असतात. त्यामुळे सुनेचा रिपोर्ट सासऱ्याच्या रिपोर्टशेजारी ठेवून ताडायचा नाही.

बल्बमधली साखर कुठे जाते

आता खान्देशात सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहणारी गोष्ट. रक्त शरीरातून बाहेर काढलं, तरी त्यातल्या पेशी जिवंतच असतात, आणि रक्त ज्या छोट्या नळीत, म्हणजे बल्बमध्ये, घेतात, तिच्यातली साखर त्या खात बसतात. साध्या बल्बमध्ये, नेहमीच्या खोलीच्या तापमानाला, तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर अशी संपते. १२८ ची तासाभरात १२० होते. जितकं गरम, तितकं हे भराभर होतं, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ ला टेकतो. जंतुसंसर्गाने पांढऱ्या पेशी वाढल्या असतील, तर आणखी भराभर.

म्हणून साखरेसाठी राखाडी झाकणाचा बल्ब वापरतात. त्यात सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्सलेट असतं. ऑक्सलेट रक्त गोठू देत नाही. फ्लोराइड पेशींची साखर खाण्याची साखळी तोडतं. पण इथे एक बारकावा आहे. ही साखळी बऱ्याच कड्यांची आहे आणि फ्लोराइड तिची शेवटाकडची कडी अडवतं. तिथे अडलेलं काम मागे तुंबत सुरुवातीपर्यंत पोहोचायला एक ते दोन तास, कधी जास्तही लागतात. तोवर पेशी साखर घेतच राहतात. म्हणजे राखाडी बल्बमध्येही पहिल्या तास-दोन तासांत पाच-आठ मिलिग्रॅम उतरू शकतात, त्यानंतर मात्र आकडा स्थिर राहतो. रेघेच्या जवळ उभ्या माणसासाठी पाच-आठ मिलिग्रॅम म्हणजे निकालच फिरला.

काटेकोर पद्धत अशी : बल्ब खुणेपर्यंत भरायचा, हलकेच आठ-दहा वेळा उलटसुलट करायचा म्हणजे तळाची पूड सगळ्या रक्तात मिसळते, लगेच बर्फ-पाण्यात ठेवायचा, आणि अर्ध्या तासाच्या आत सेंट्रिफ्यूजवर फिरवून प्लाझ्मा पेशींपासून वेगळा करायचा. पेशीच उरल्या नाहीत, की साखर खाणार कोण? बल्ब नीट हलवला नाही, तर पूड तळाशीच राहते. मग रक्तात गुठळ्या होतात आणि साखरही घसरते. सायट्रेट असलेले बल्ब ही साखळी पहिल्याच पायरीला थांबवतात, म्हणून ते जास्त चांगले. पण छोट्या गावांत ते क्वचित मिळतात.

शिबिरात हे कसं बिघडतं ते सांगायला फार कल्पना लागत नाही. सकाळी सात ते दहा गावातल्या शाळेत रक्त घेणं चालतं. साध्या स्टँडमध्ये बल्ब उभे असतात. मग डबा गाडीत, गाडी जळगावला, तिथे साडेबारा-एकला सेंट्रिफ्यूज. सात वाजता रक्त दिलेल्या माणसाचा बल्ब साडेपाच तास उभा राहिला, दहाला दिलेल्याचा अडीच तास. बर्फ नसेल, तर या सगळ्यांचे आकडे खऱ्यापेक्षा कमी छापले जातात.

म्हणून शिबिरातला आकडा वर आला, तर "शिबिराचं काय खरं" म्हणत तो झटकून टाकणं ही मोठी चूक आहे. उशीर झालेला बल्ब आकडा खाली ओढतो, वर नेत नाही. शिबिरात १२८ आली असेल, तर खरी कदाचित १३३ असेल. आणि शिबिरात ११८ आली म्हणून निर्धास्त झालेला माणूस कदाचित रेघेवरच उभा असेल. दुसऱ्या दिवशीची तपासणी जिथे रक्त घेतात तिथेच सेंट्रिफ्यूज असलेल्या लॅबमध्ये करायची ती यासाठी. रिपोर्टवर रक्त घेतल्याची वेळ आणि लॅबमध्ये ते पोहोचल्याची वेळ अशा दोन वेळा बहुतेकदा छापलेल्या असतात. त्यांत तासाभरापेक्षा जास्त अंतर असेल, तर डॉक्टरांना तेवढं दाखवा.

बोटाला सुई टोचून घरच्या ग्लुकोमीटरवर दुसरी तपासणी उरकायची सवयही वाढते आहे. ग्लुकोमीटर चांगलाच असतो, पण त्याच्या कामासाठी. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वरच्या आकड्याला त्याला पंधरा टक्के इकडे-तिकडे चालतात. म्हणजे खरी १२६ असेल, तर १०७ पासून १४५ पर्यंत काहीही दाखवलं, तरी यंत्र नियमातच बसतं. औषध घेणाऱ्याला साखर ६० आहे की १६० की ३०० हे कळायला ते पुरेसं आहे. १२४ की १२८ हे ठरवायला ते बनवलेलंच नाही.

मग नुसतं एचबीएवनसी का नको?

एचबीएवनसी दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगतं, त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही आणि त्यात रोजचा चढउतार कमी असतो. हे सगळं खरं. पण ती तपासणी साखर थेट मोजत नाही. लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते मोजते. म्हणजे लाल पेशी नेहमीएवढ्या जगत असतील आणि हिमोग्लोबिन नेहमीचं असेल, तरच तो आकडा भरवशाचा.

सातपुड्याच्या पट्ट्यात, धडगाव-अक्कलकुवा भागात, भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी लवकर फुटतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, म्हणून एचबीएवनसी खोटं कमी येतं. साखर १६० असताना एचबीएवनसी ५.४ दिसू शकतं. नुसता वाहक असेल, तरीही काही मशीनवर आकडा चुकतो. उलट लोहाच्या कमतरतेच्या पंडुरोगात, जो आपल्याकडे बायकांत फार आहे, पेशी जास्त काळ फिरत राहतात आणि एचबीएवनसी थोडं खोटं वर जातं. नुकतंच रक्त चढवलेलं असेल, तर आकडा दुसऱ्याच कोणाच्या रक्ताचा. अशा माणसांत दोन दिवसांची अनशापोटीची साखर हीच जास्त भरवशाची, आणि गरज पडली तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेली तपासणी. सिकलसेलचं कार्ड घरात असेल, तर ते साखरेच्या तपासणीला जाताना सोबत न्यायलाच हवं.

दुसऱ्या दिवसाची तयारी

रात्रीचं जेवण नऊच्या आत, नेहमीचंच. कळण्याची भाकरी खात असाल तर तीच, भात खात असाल तर भातच. निकाल चांगला यावा म्हणून आठ दिवस गोड बंद करून, रात्रीचं जेवण सोडून रक्त द्यायला गेलात, तर मोजली जाईल ती त्या आठ दिवसांची साखर, तुमच्या नेहमीच्या आयुष्याची नव्हे. शिक्का टळेल, आजार टळणार नाही. उलटही सांभाळायचं : आखाजीला पुरणपोळी-आमरस, लग्नसराईत सलग चार रात्री उशिरा जेवण, अशा आठवड्याच्या दुसऱ्याच सकाळी जाऊ नका. चार-पाच साधे दिवस जाऊ द्या.

उपाशी म्हणजे किमान आठ तास, शक्यतो दहा. चौदा-सोळा तास ताणू नका. पाणी हवं तेवढं प्या. खान्देशच्या उन्हाळ्यात ते बंद केलं, तर शीरही सापडत नाही. चहा मात्र अर्धा कपही नाही. "नुसता काळा चहा घेतला" म्हणणाऱ्याच्या त्या काळ्या चहात दोन चमचे साखर असते, आणि दोन चमचे म्हणजे पाच लिटर रक्तातल्या सगळ्या साखरेच्या दुप्पट. विडी, तंबाखू, मिश्री रक्त दिल्यानंतर. लॅबपर्यंत सायकल दामटत गेलात, तर दहा मिनिटं बसा आणि मगच हात पुढे करा.

वेळ सकाळचीच ठेवा, आठ-नऊच्या आत. दुपारी बारापर्यंत उपाशी राहून दिलेल्या रक्तात आकडा बहुतेकदा कमी येतो, कारण पहाटेची संप्रेरकं तोवर उतरलेली असतात. पहिली तपासणी सकाळी सातची आणि दुसरी दुपारी साडेबाराची असेल, तर त्या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.

ताप, न्यूमोनिया, गळू, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल, तर पूर्ण बरं झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी जा. दम्याला, त्वचेला, सांधेदुखीला स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा सांध्यात इंजेक्शन घेतलं असेल, तर तसं सांगा. पुडीतून मिळणाऱ्या सांधेदुखीच्या बिननावाच्या गोळ्यांत स्टेरॉइड असू शकतं, हे डॉक्टरांना सांगताना लाजायचं कारण नाही. स्टेरॉइडची आणखी एक खोडी आहे. सकाळी घेतलेली गोळी साखर जास्त करून दुपारी-संध्याकाळी चढवते, आणि अनशापोटीची साखर साधी दिसू शकते. अशा माणसाची नुसती फास्टिंग बघून निर्णय घेता येत नाही. रोजच्या बीपीच्या किंवा इतर गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

अण्णांचा दुसरा रिपोर्ट

आखाजी उलटून आठ दिवस झाल्यावर अण्णा जळगावच्या लॅबमध्ये सकाळी पावणेआठला रक्त देतात. बल्ब राखाडी, वीस मिनिटांत सेंट्रिफ्यूजवर. फास्टिंग १२२, एचबीएवनसी ६.३. हिमोग्लोबिन साडेतेरा, म्हणजे एचबीएवनसीवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

घरचे म्हणतात, सुटलो. डॉक्टर म्हणतात, नाही. दोन आकड्यांची सरासरी १२५. शिबिरातला १२८ उशिराने उतरलेला असेल, तर खरी सरासरी त्याहून वर. एचबीएवनसीही ६.५ च्या खाली, पण फार खाली नाही. घरात आईचा मधुमेह. वर सांगितलेला मधला माणूस, ज्याची सरासरी १३२ असून दोनांपैकी एका दिवशी तो रेघेखाली येतो, तो हाच असू शकतो, आणि पहिला, ज्याची सरासरी १२० आहे, तोही हाच असू शकतो. आजच्या कागदावरून त्या दोघांना वेगळं करता येत नाही. म्हणून आज मधुमेह लिहायचा नाही आणि "नॉर्मल"ही लिहायचं नाही. फाइलवर लिहायचं मधुमेहपूर्व अवस्था, आणि पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची. निकाल असे सीमेला चिकटलेले असले, की तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासायचं असतं.

आज गोळी न देण्यामागेही कारण आहे. साखर उतरवणाऱ्या काही स्वस्त गोळ्या इन्सुलिन वाढवतात. मुळात मधुमेहच नसलेल्या माणसाने ती घेतली आणि भर उन्हात, उशिरा न्याहारी करून कापसाच्या शेतात वाकला, तर साखर घसरून चक्कर येते आणि घाम फुटतो. पण तीन महिने रिकामेही जात नाहीत. रात्रीच्या जेवणानंतर चाळीस मिनिटं चालायचं, दिवसातल्या पाच चहांतले तीन बिनसाखरेचे करायचे, आणि वजन पंच्याऐंशीचं ऐंशीवर आणायचं, एवढं डॉक्टर लिहून देतात.

अण्णांकडून चालणं होतं, पण पेरणीच्या दिवसांत चहा काही कमी होत नाही आणि वजन दोनच किलो उतरतं. ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आधी, त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला तिसरं रक्त. फास्टिंग १२९, आणि त्याच बल्बांच्या जोडीतलं एचबीएवनसी ६.६. एकाच दिवशी दोन साक्षीदार. आता चौथ्या रक्ताची गरज नाही. फाइलवर मधुमेह लिहिला जातो, निदानाची तारीख घातली जाते, आणि त्याच आठवड्यात डोळ्याच्या पडद्याची, लघवीतल्या प्रथिनाची आणि तळपायाच्या संवेदनेची पहिली तपासणी होते.